घरी बीपी मोजताय? आधी दंडाचा घेर मोजा

घरच्या मशीनवर १५६, दवाखान्यात १४०, ओळखीतल्या कुणाच्या मशीनवर १४४, मग यातलं खरं कुठलं धरायचं, असं पेशंट विचारतात आणि बरेचदा पुढचं वाक्य असतं की मशीनच बिघडलंय वाटतं. मशीन बिघडलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण मी जेव्हा म्हणतो की आत्ता माझ्यासमोर मोजून दाखवा, तुम्ही घरी जसं मोजता अगदी तसंच, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर तिथेच दिसतं. दंडाला लहान पडणारा पट्टा, हात मांडीवर, एक पाय दुसऱ्यावर, आणि तोंडाने माझ्याशी बोलणं चालू. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा थोडा थोडा चढतो आणि सगळं मिळून एवढं होतं की नसलेलं बीपी कागदावर येतं, किंवा असलेली गोळी विनाकारण वाढते.

म्हणून हा लेख फक्त मोजण्याबद्दल आहे. बीपी कमी कसं करायचं तो विषय वेगळा.

मशीन नक्की काय मोजतं?

स्क्रीनवर SYS आणि DIA असे दोन आकडे दिसतात. SYS म्हणजे वरचं बीपी, हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं तेव्हा धमनीत येणारा सगळ्यात जास्त दाब, आणि DIA म्हणजे खालचं, दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल असताना उरलेला दाब. दोन्ही मिलिमीटर पारा या एककात असतात, मी पुढे नुसतं पॉइंट म्हणतो. तिसरा आकडा, PUL, तो नाडीचा.

दंडाला जो पट्टा बांधतो, ज्याला कफ म्हणतात, त्याच्या आत एक रबरी फुगा असतो. मशीन त्यात हवा भरून धमनी दाबून बंद करतं आणि मग हवा हळूहळू सोडतं (काही मशीन हवा भरतानाच मोजतात). धमनी पुन्हा उघडायला लागली की तिची धडधड पट्ट्यातल्या हवेला बारीक हादरे देते, मशीन ते हादरे पकडतं आणि त्यावरून हिशोब करून वरचा-खालचा आकडा काढतं. म्हणजे मशीनला धमनीतलं थेट काहीच दिसत नाही, त्याला फक्त पट्ट्यातला दाब आणि हादरे कळतात. पट्टा चुकला की पुढचा सगळा हिशोब चुकला, मशीन कितीही महागाचं असो. तुम्ही हललात, बोललात, मूठ आवळली तरी ते हादरे त्यात मिसळतात.

पट्ट्याचा साइज एवढा महत्त्वाचा आहे?

हो, आणि सगळ्यात कमी लक्ष यालाच दिलं जातं, कारण मशीनसोबत जो पट्टा आला तोच बरोबर असणार असं आपण गृहीत धरतो.

धमनी दंडात आत खोलवर असते. फुगा दंडाभोवती पुरेसा फिरला नाही, किंवा दंडाच्या मानाने अरुंद पडला, तर त्याचा दाब धमनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, मग ती बंद करायला मशीनला जास्त हवा भरावी लागते, आणि हा जास्तीचा दाब तुमच्या बीपीच्या नावावर जमा होतो. ही गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. इटलीच्या रिवा-रॉची यांनी १८९६ मधे दंडाला बांधायचा पट्टा आणला तो जेमतेम ५ सेंटीमीटर रुंद होता आणि आकडे जास्त दाखवायचा, काही वर्षांतच जर्मनीच्या फॉन रेकलिंगहाउझेन यांनी तो रुंद करायला लावला.

किती फरक पडतो? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मधे हे नीट तपासलं. ज्यांना लार्ज पट्टा लागतो त्यांना साधा रेग्युलर पट्टा बांधला तर वरचं बीपी साधारण ५ पॉइंट जास्त आलं, आणि ज्यांना एक्स्ट्रा लार्ज लागतो त्यांच्यात रेग्युलर पट्ट्याने जवळजवळ २० पॉइंट जास्त. २० पॉइंट म्हणजे नॉर्मल माणूस थेट गोळीपर्यंत जाऊ शकतो. उलटही होतं, बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी दिसतो, तिथे खरं बीपी लपून राहतं.

तर शिवणकामाची टेप घ्या. हात सैल सोडा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करा आणि तिथे दंडाचा घेर सेंटीमीटरमधे मोजा, टेप न आवळता. आता पट्ट्यावर छापलेली रेंज बघा, बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंटीमीटरचा पट्टा येतो, काहींसोबत २२ ते ४२ चा. घेर त्या रेंजमधे बसत नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा वेगळा पट्टा घ्यावा लागतो, दुसऱ्या कंपनीचा जोडून चालत नाही कारण मशीनचा हिशोब ठरावीक पट्ट्यावर बेतलेला असतो. घेर रेंजच्या अगदी काठावर असेल तर मोठा साइज घेऊन बघा, आणि बांधल्यावर पट्ट्यावरची उभी रेघ आखून दिलेल्या पट्टीच्या आत येते का ते तपासा. हवा भरताना वेल्क्रो कर्रर्र करत सुटत असेल तर पट्टा लहान आहे हे समजून जा.

बांधायचा उघड्या दंडावर. बाही वर गुंडाळून तिथे घट्ट वळकटी होत असेल तर तो हात बाहीतून बाहेरच काढा, कारण ती वळकटी स्वतःच दंड दाबते. पट्ट्याची खालची कडा कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी किंवा बाणाची खूण आतल्या बाजूला, जिथे कोपराच्या घडीत नाडी लागते तिच्या रेषेत. आणि घट्टपणा असा की पट्ट्याखाली बोटांची टोकं जेमतेम सरकतील.

हात कुठे ठेवायचा, पाय कुठे?

गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या मजल्यावर जोरात येतं आणि वरच्या मजल्यावर हळू, तसंच रक्ताचं आहे. हात हृदयाच्या पातळीपेक्षा खाली असेल तर त्या हातातल्या धमनीत वरच्या रक्ताच्या वजनाचा दाब मिळतो, दर अडीच सेंटीमीटरला साधारण २ पॉइंट. हात हृदयापेक्षा वर उचलला तर तेवढाच कमी. म्हणजे एकाच माणसाचं, एकाच मिनिटाला, हात टेबलावर की मांडीवर एवढ्यावरून बीपी बदलतं. वर सांगितलेल्या संस्थेनेच २०२४ मधे हेही मोजलं, हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सुमारे ४ पॉइंट जास्त आणि बाजूला लोंबकळत सोडला तर साडेसहाच्या आसपास जास्त आलं.

म्हणून हात टेबलावर, आणि पट्ट्याचा मधला भाग छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी समपातळीत. टेबल खाली पडत असेल तर कोपराखाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा. हात टेकलेलाच हवा, स्वतःच्या ताकदीने हवेत धरला तर स्नायू ताणले जातात आणि आकडा वाढतो.

पाठ खुर्चीला टेकलेली. सोफ्यावर किंवा पलंगाच्या कडेला बसलं की पाठ अधांतरी राहते किंवा माणूस खोल रुततो, त्यापेक्षा साधी ताठ पाठीची खुर्ची बरी. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, एकमेकांवर नाहीत, उंची कमी असेल तर पायाखाली पाट ठेवा.

आणि बोलायचं नाही. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं, नुसतं कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं तरी वरचं बीपी सहज १० पॉइंट चढू शकतं. मोबाईल बघणं, टीव्हीवरच्या बातम्या ऐकणं, हेही त्या वेळेपुरतं बंद. मोजायच्या आधी ५ मिनिटं असंच गप्प बसायचं, पट्टा आधीच बांधून ठेवला तर बरं म्हणजे नंतर हालचाल होत नाही. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको आणि लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयानेही बीपी वाढतं.

इतकं शांत बसून मोजलं तर ते खोटं कमी नाही का येणार?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्यात तथ्य आहे. दिवसभर तुम्ही असे बसत नाही, जिने चढता, भांडता, धावपळ करता, तेव्हा बीपी जास्तच असतं, आणि झोपेत कमी. मग शांत बसलेला आकडा कशाला?

कारण ज्या आकड्यांशी आपण तुलना करतो ते सगळे शांत बसलेल्या माणसांवरून ठरलेत. कुठल्या पातळीनंतर धोका वाढतो, किती बीपीला गोळी सुरू केल्याने फायदा होतो, हे ज्या अभ्यासांमधून कळलं त्यात लोकांना असंच बसवून मोजलं होतं. तुम्ही जिना चढून आल्याबरोबर १५८ मोजलंत तर त्याची तुलना करायला आमच्याकडे काही तक्ताच नाही. दिवसभराचं चालता-बोलता आणि झोपेतलं बीपी खरंच बघायचं असेल तर २४ तास अंगावर ठेवायचं वेगळं मशीन असतं, ते डॉक्टर गरज असेल तेव्हा लावायला सांगतात.

कधी मोजायचं आणि किती वेळा?

जीव घाबरला की मोज, डोकं दुखलं की मोज, असं करू नका. अशा वेळी घाबरण्यानेच आकडा चढतो, तो बघून माणूस आणखी घाबरतो, मग पुन्हा मोजतो आणि आणखी चढलेला बघतो.

डॉक्टरकडे जायच्या आधीचे सलग ७ दिवस धरा (अगदीच जमत नसेल तर कमीत कमी ३). सकाळी उठल्यापासून साधारण तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी. संध्याकाळी जेवणाच्या आधी किंवा झोपण्याआधी, पण रोज तीच वेळ. प्रत्येक वेळी दोन रीडिंग, मधे एक मिनिट थांबून. लगेच दुसरं घेतलं तर हात अजून पट्ट्याच्या दाबातून सावरलेला नसतो.

पहिलं रीडिंग दुसऱ्यापेक्षा जास्त येणं अगदी कॉमन आहे, त्यात मशीनचा दोष नाही. पट्टा आवळायला लागला की शरीर थोडं सावध होतं, दुसऱ्या वेळी सवय झालेली असते.

कुठल्या हातावर? पहिल्या दिवशी दोन्हीवर मोजा, ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे कायम वापरा. दोन हातांत वारंवार १० पॉइंटपेक्षा जास्त फरक येत असेल तर ते डॉक्टरला मुद्दाम सांगा, कधी कधी एका हाताच्या धमनीत अडथळा असतो. ज्या हाताला डायलिसिससाठी फिस्टुला केलाय तिथे पट्टा बांधायचा नाही, आणि ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी ऑपरेशनमधे काढल्यात त्या हाताबद्दल आधी डॉक्टरला विचारा.

वहीत काय लिहायचं?

माझ्याकडे येणाऱ्या काही वह्यांमधे ओळीने १३०/८०, १३०/८०, १४०/९०, १३०/८० असं लिहिलेलं असतं. मशीन असे गोल आकडे सारखे सारखे देत नाही, ते १३३/८४ देतं आणि माणूस लिहिताना गोल करतो. दुसरा प्रकार म्हणजे तीन वेळा मोजून त्यातलं सगळ्यात चांगलं लिहिणं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो हे मला समजतं, पण गोळीचा डोस त्याच आकड्यांवर ठरणार असतो. म्हणून आलेला आकडा जसाच्या तसा, आणि मशीनला मेमरी असेल तर मशीनही सोबत आणा. त्या मशीनवर मात्र घरातल्या बाकीच्यांनी मोजलेलं नको, नाहीतर सगळं एकत्र होतं.

एका ओळीत एवढं पुरतं, तारीख, वेळ, पहिलं रीडिंग, दुसरं रीडिंग, नाडी, आणि शेवटी थोडी जागा जिथे काही वेगळं असेल तर दोन शब्द, रात्री झोप झाली नाही, गोळी चुकली, सर्दीचं औषध घेतलं, असं. सर्दीची नाक मोकळं करणारी काही औषधं आणि काही पेनकिलर बीपी वाढवतात, त्यामुळे ती नोंद खरंच कामाची असते.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा एक गृहस्थ आहेत, दंडाचा घेर ३७ सेंटीमीटर, मशीनसोबत आलेला पट्टा २२ ते ३२ चा, सोफ्यावर बसून हात मांडीवर ठेवून मोजायचे, १५६/९४ यायचं. बीपीची एक गोळी रोज सकाळी चालू आहे. त्यांनी पट्टा बदलला, खुर्ची-टेबल घेतलं, आठवडाभर नीट मोजलं.

पहिल्या दिवशी सकाळी १५८/९६ आणि १४९/९२ आलं, म्हणजे पट्टा आणि खुर्ची बदलूनही जवळजवळ पूर्वीइतकंच. संध्याकाळी १४४/८८ आणि १४०/८६. नवीन पद्धत, थोडी धाकधूक, हे चालायचंच, म्हणूनच पहिला दिवस वहीत लिहायचा पण सरासरीत धरायचा नाही. पुढच्या ६ दिवसांत सकाळच्या दोन-दोन रीडिंगची वरची सरासरी १४२, १३९, १४१, १३८, १४०, १३८ अशी आली, आणि संध्याकाळची १३०, १२८, १३१, १२७, १२९, १२९. या सगळ्यांची बेरीज १६१२, भागिले १२, म्हणजे १३४. खालच्या बीपीची तशीच सरासरी ८३ आली.

युरोपच्या आणि आंतरराष्ट्रीय गाईडलाइननुसार घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर ते हाय बीपी धरतात (दवाखान्यातल्या १४०/९० च्या जोडीचा हा आकडा आहे), अमेरिकेत ही रेघ १३०/८० वर ओढलीय, आणि तुमचं स्वतःचं टार्गेट तुमचं वय, शुगर, किडनी बघून डॉक्टर ठरवतात. या गृहस्थांचं १३४/८३ म्हणजे १३५ च्या अगदी खाली. पहिला दिवस धरला असता तर वरची सरासरी १३६ झाली असती, म्हणजे रेघेच्या वर.

पण मला यात सरासरीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त दिसते. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी काढून बघा, सकाळची सरासरी १४० आणि संध्याकाळची १२९. सकाळी गोळी घ्यायच्या आधी, म्हणजे आदल्या गोळीला २४ तास होत आले असताना बीपी चढलेलं आहे. गोळीचा असर पूर्ण दिवस पुरत नसेल का, असा प्रश्न डॉक्टरच्या मनात इथे येतो, आणि मग गोळी बदलायची का, झोपेत घोरण्या-बिरण्याचा काही त्रास आहे का, हे बोलणं सुरू होतं. दवाखान्यात सकाळी ११ वाजता एकदा मोजलेल्या बीपीतून हे कधीच कळलं नसतं. मात्र हे बघून स्वतःहून गोळीची वेळ किंवा डोस बदलू नका, वही दाखवा.

घरी चांगलं आणि दवाखान्यात जास्त, मग कुठलं खरं?

दोन्ही खरी असू शकतात. काहींचं बीपी फक्त दवाखान्यात, डॉक्टर समोर असताना चढतं, आणि काहींचं उलट, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त. दुसरा प्रकार जास्त काळजीचा, कारण तो दवाखान्यात सापडतच नाही. पण हे ठरवायला घरचे आकडे नीट मोजलेले असायला हवेत, नाहीतर लहान पट्ट्यामुळे वाढलेलं बीपी आम्ही छुपं बीपी समजून बसू.

एकदम खूप जास्त आलं तर?

वरचं १८० किंवा खालचं १२० च्या पुढे आलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक कमी दिसणं किंवा आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. यातला कुठलाच त्रास नसेल तर ५ मिनिटं शांत बसून, पट्टा आणि हात तपासून परत मोजा, तरी तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. घाईने जास्तीची गोळी घेऊ नका, बीपी एकदम खाली पाडणं मेंदूला धोक्याचं ठरू शकतं. गरोदर बाईसाठी मात्र हा १८० चा नियम नाही, तिथे १४०/९० आलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं.

मनगटाचं मशीन किंवा घड्याळ चालेल का?

दंडावरचं मिळत असेल तर तेच घ्या. मनगटाच्या मशीनमधे हात हृदयाच्या पातळीला नेमका ठेवणं अवघड जातं आणि थोडं वर-खाली झालं की आकडा हलतो. दंड इतका जाड किंवा निमुळता असेल की कुठलाच पट्टा नीट बसत नाही, तर डॉक्टरला विचारून मनगटाचं वापरता येतं. बोटावरच्या मशीनवर आणि घड्याळातल्या बीपीवर औषध ठरवू नये.

घेताना एवढं बघा की त्या मॉडेलची स्वतंत्र तपासणी झालेली आहे, STRIDE BP नावाच्या वेबसाइटवर अशा मॉडेलची यादी आहे. आणि ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, मशीन सारखं तशी खूण दाखवतंय, त्यांची रीडिंग एकमेकांपासून लांब-लांब येतात, त्यांनी दोनाऐवजी तीन घ्यावीत, आणि ती खूण आधी कधी दिसली नसेल आणि आता वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढून घ्यावा.

वर्षातून एकदा मशीन पट्ट्यासकट दवाखान्यात न्या आणि एकाच हातावर, एकाच बैठकीत, आलटून पालटून दोन्ही मशीननी मोजायला सांगा. ५ पॉइंटपर्यंतचा फरक चालतो. दर वेळी १० च्या वर जात असेल तर आधी पट्टा आणि नळीत हवा गळतेय का ते बघा, सेल बदला, आणि तरीही तसंच असेल तर ते मशीन बाजूला ठेवा.